५जी चालू केलं आणि बॅटरी दुपारीच का संपायला लागली?



मागच्या महिन्यात आपल्या प्रभागातल्या एका गटाचं काम एका फोनपायी अडलं. अध्यक्ष ताई आणि सचिव ताई कर्जाच्या कामासाठी बँकेत गेल्या होत्या. वाडीपासून शाखा १४ किलोमीटर. सकाळची वडाप पकडून गेल्या, रांगेत बसल्या, नंबर आला. साहेबांनी कागद तपासले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तो सांगा." सचिव ताईंनी पिशवीतून फोन काढला, तर तो बंद. सकाळी सहाला घरून निघताना ९० टक्के होता, आणि दुपारी दोनला काळाठिक्कर! चार्जर शोधून, फोन लावून, तो परत सुरू होईपर्यंत कामकाजाची वेळ संपली. काम सोमवारवर गेलं. दोघींची त्या दिवसाची मजुरी बुडाली, वडापचं भाडं गेलं, आणि ज्या ताईला खत घ्यायचं होतं तिला चार दिवस थांबावं लागलं.

फोन जुना असता तर आपण म्हटलं असतं, चालायचंच. पण हा फोन सात महिन्यांचा, ५,००० एमएएचच्या बॅटरीचा. आधी रात्री एकदा चार्ज केला की दुसऱ्या दिवशी झोपेपर्यंत पुरायचा. तालुक्याच्या दुकानात दाखवला तर तो म्हणाला, "बॅटरी गेली, बदलून घ्या, ११०० रुपये." ताई बदलणारच होत्या. मासिक बैठकीत त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला, कारण माझ्या भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नाआधी चार वर्षं मी त्या काउंटरवर बसलेली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी एकच विचारलं, "ताई, हे कधीपासून होतंय?"

ताई म्हणाल्या, "दिवाळीला पुतण्या आला होता ना, त्याने ५जी चालू करून दिलं. म्हणाला काकू, नेट जोरात चालेल. तेव्हापासूनच बघा."

म्हणजे बॅटरी गेलेली नव्हती. बॅटरी नको तिथे खर्च होत होती. तो खर्च कुठे होतो, कसा ओळखायचा आणि कसा थांबवायचा, ते या वेळी सविस्तर बघू.

फोन गप्प पडलेला असतो तेव्हाही काम करतो

आपल्याला वाटतं, स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन झोपला. तो पूर्ण झोपत नाही. आपल्याला कोणाचा फोन आलाय का, हे कळण्यासाठी तो दर एक-दोन सेकंदांनी क्षणभर जागा होतो, टॉवरकडे कान देतो आणि परत झोपतो. अंगणात बाळ झोपलंय आणि आपण चुलीपाशी काम करत मधूनमधून कान देतो, तसंच. रेंज चांगली असेल तर हे कान देणं अगदी स्वस्तात होतं. रात्रभरात दोन-चार टक्क्यांच्या वर बॅटरी जात नाही.

रेंज कमी झाली की दोन खर्च वाढतात.

पहिला खर्च ओरडण्याचा. फोन नुसता ऐकत नाही, बोलतोही. कॉल चालू असताना, व्हॉट्सॲपचा निरोप जाताना, गटाच्या नोंदी ॲपमध्ये चढवताना फोनला आपला आवाज टॉवरपर्यंत पोचवावा लागतो. शेजारच्या ओट्यावरच्या बाईशी आपण हळू बोलतो, आणि ओढ्यापलीकडच्या रानातल्या बाईला घशाच्या शिरा ताणून हाक मारतो. फोनचंही असंच. टॉवर जवळ असला तर तो अगदी हळू बोलतो. लांब असला तर टॉवरच त्याला सांगतो, "ऐकू येत नाही, मोठ्याने बोल," आणि फोन जोर वाढवत जातो. फोनची ओरडण्याची हद्द साधारण २०० मिलिवॅट असते. टॉवरजवळ तेच काम त्याच्या हजाराव्या हिश्शात होतं. शिवाय तेवढं ओरडण्यासाठी बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढली जाते, बाकीची उष्णता होऊन जाते. कमी रेंजमध्ये बराच वेळ बोललं की फोन कानाला गरम लागतो, तो यामुळेच.

दुसरा खर्च हुडकण्याचा. धरलेल्या टॉवरचा आवाज क्षीण झाला की फोन आजूबाजूला दुसरा टॉवर शोधायला लागतो. या लहरीवर कोणी आहे का, त्या लहरीवर कोणी आहे का, असं एकेक तपासतो. चांगल्या रेंजमध्ये ही तपासणी तो जवळजवळ करतच नाही, कारण गरजच नसते. कमी रेंजमध्ये ती सारखी चालू असते. फोन उशाशी पडलेला असतो, आपण त्याला हातही लावलेला नसतो, आणि सकाळी बघावं तर पंधरा-वीस टक्के गायब.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ध्यानात ठेवा. रेंज मुळीच नसेल तर फोन सुरुवातीला जोरात शोधतो, मग दमून थोड्या थोड्या वेळाने शोधतो. पण रेंज येते-जाते अशी असेल तर तो कधीच दमत नाही. जरा सापडली की धरतो, नोंदणी करतो, सुटली की परत पहिल्यापासून शोधतो. म्हणून अर्धवट रेंज ही कधी कधी मुळीच नसलेल्या रेंजपेक्षा महाग पडते. आणि डोंगरालगतच्या आपल्या वाड्यांमध्ये ५जी बहुतेक असंच, अर्धवट पोचतं.

मग यात ५जीचा काय संबंध?

आपल्या देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. आधी मोठी शहरं, मग तालुक्याची गावं आणि हमरस्ते. आपल्याकडे रस्त्याकडेच्या टॉवरवर ते आलं, पण वाडीत ते पोचताना दोन अडचणी येतात.

पहिली अडचण लहरीची. गावच्या जत्रेत ढोल वाजतो तो पलीकडच्या गावात ऐकू येतो. पण नाचणाऱ्याच्या पायातले घुंगरू दहा पावलांवर ऐकू येत नाहीत. जाड आवाज लांब जातो, भिंतीतून जातो. बारीक आवाज जवळच विरतो. मोबाईलच्या लहरींचंही साधारण तसंच आहे. ४जीच्या काही लहरी ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात, त्या ढोलासारख्या लांब पोचतात. ५जीचं वेगवान नेट ज्या लहरींवर मुख्यतः चालतं, त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या असतात, म्हणजे घुंगरू. त्या मोकळ्या रस्त्यावर झकास चालतात, पण दगडी भिंत, स्लॅब, पत्र्याचं छप्पर आणि मध्ये आलेला डोंगर यांच्यापुढे हात टेकतात. ५जीच्या काही लहरी जाड आवाजाच्याही आहेत, पण त्या सगळ्या कंपन्या आणि सगळ्या टॉवरवर नाहीत.

दुसरी अडचण दुहेरी कामाची. बऱ्याच ठिकाणी ५जी हे ४जीच्या आधाराने चालतं. फोन एका हाताने ४जीचा टॉवर धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने ५जी वापरतो. म्हणजे नेट चालू असताना आतली दोन यंत्रं एकदम जागी. भरपूर रेंज असेल तर यात फारसं बिघडत नाही, कारण काम पटकन उरकतं आणि दोन्ही झोपतात. पण रेंज अर्धवट असेल तर ५जी धरायचं, सुटायचं, ४जीवर यायचं, परत ५जी दिसलं की तिकडे धावायचं, असा खेळ दिवसभर चालतो. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात कधी 5G, कधी 4G असं सारखं बदलताना दिसलं तर समजा, तुमच्या फोनची अशीच पळापळ चालू आहे.

सचिव ताईंच्या घरी नेमकं हेच होत होतं. घर रस्त्यापासून आत, पत्र्याचं, मागे टेकडी. अंगणात उभं राहिलं की 5G दिसायचं, स्वयंपाकघरात गेलं की 4G. फोन मात्र कायम फडताळात, म्हणजे दोन्हींच्या मध्ये.

तीन रात्रींची चाचणी

दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, मी म्हणते नेटवर्क. खरं कोण, हे ठरवायला पैसे लागत नाहीत. तीन रात्री लागतात. आम्ही ताईंच्या फोनवर ही चाचणी केली, तुम्हीही करू शकता.

नियम साधे आहेत. तिन्ही रात्री फोन एकाच जागी ठेवायचा. रात्री साडेनऊला बॅटरीचा आकडा वहीत लिहायचा, पहाटे साडेपाचला परत लिहायचा. मधे हात लावायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. सुरुवातीला बॅटरी साधारण ८०च्या आसपास असावी.

पहिल्या रात्री फोन होता तसाच ठेवला, ५जी चालू. रात्री ८२, सकाळी ६५. म्हणजे १७ टक्के गेले, आणि तेही कोणी न वापरता.

दुसऱ्या रात्री ५जी बंद करून ४जीवर ठेवला. रात्री ८०, सकाळी ७३. सात टक्के गेले.

तिसऱ्या रात्री विमानाचं चिन्ह दाबून, म्हणजे एअरप्लेन मोडवर ठेवला. यात फोनचा टॉवरशी संबंधच तुटतो. रात्री ८१, सकाळी ७९. फक्त दोन टक्के.

आता आपण हिशेबाच्या बायका, हिशेब करू. फोनचा स्वतःचा घरखर्च दोन टक्के. ४जीवर नेटवर्कचा खर्च पाच टक्के. ५जीवर नेटवर्कचा खर्च पंधरा टक्के. जागा तीच, फोन तोच, बॅटरी तीच. खर्च तिप्पट. बॅटरी गेलेली असती तर ती तिसऱ्या रात्रीही उतरली असती. ती उतरली नाही, म्हणून ११०० रुपये वाचले.

१७ टक्के म्हणजे किती, हेही बघा. ५,००० एमएएचच्या भरलेल्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. त्यातले १७ टक्के म्हणजे सव्वातीन. देवघरातला अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी दिवा साडेसहा तास जळेल इतकी वीज त्या रात्री फोनने नुसतं पडून घालवली.

हे एका घरातले, एका फोनचे आकडे आहेत. तुमच्याकडे वेगळे येतील. रस्त्याकडेच्या घरात कदाचित पहिल्या आणि दुसऱ्या रात्रीत फरकच दिसणार नाही. तसं असेल तर ५जी बंद करण्याचं काही कारण नाही.

रेंज मोजायची कशी? दांड्यांवर जाऊ नका

वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या ढोबळ असतात. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. खरा आकडा आत असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings मध्ये जाऊन About phone उघडा. तिथे Status किंवा SIM status अशी ओळ असते. त्यात Signal strength समोर -97 dBm असा उणे आकडा दिसतो.

हा आकडा उधारीसारखा वाचायचा. उणे ८० म्हणजे थोडी उधारी, रेंज चांगली. उणे १०० म्हणजे काम चालतं. उणे ११० च्या पुढे गेला की उधारी डोक्यावर बसली, फोन ओरडतोय आणि हुडकतोय. आणि हा आकडा साधा नाही, चक्रवाढ व्याजासारखा आहे. दहाने वाढला की मिळणारा सिग्नल दहापट कमी होतो. वीसने वाढला की शंभरपट.

ताईंच्या फडताळात ५जीवर असताना उणे ११७ होता. ४जीवर केल्यावर त्याच जागी उणे १०२. म्हणजे १५ चा फरक, साधारण तीसपट चांगला सिग्नल. मग फोन फडताळातून काढून दाराजवळच्या खिडकीत ठेवला, तर ४जीचा आकडा उणे ९४ झाला. एकाही सेटिंगला हात न लावता, नुसती जागा बदलून आठ अंक मिळाले. म्हणून घरात फोन कुठे ठेवता याकडेही लक्ष द्या. पत्र्याची पेटी, लोखंडी कपाट, धान्याच्या कणगीमागची फळी, या जागा फोनसाठी वाईट.

५जीवरून ४जीवर कसं यायचं?

Settings उघडा. त्यात Network & internet किंवा Connections किंवा Mobile network असं लिहिलेलं असेल, त्यात जा. तिथे SIMs दिसलं तर आपलं सिम निवडा. मग Preferred network type किंवा Network mode ही ओळ शोधा. ती दाबली की यादी उघडते. पहिली ओळ 5G ने सुरू होते. तिच्या खालची ओळ 4G किंवा LTE ने सुरू होते, आणि पुढे तिरप्या रेघा मारून 3G, 2G लिहिलेलं असतं. ती निवडायची. LTE म्हणजेच ४जी, घाबरू नका. काही फोनमध्ये यादीऐवजी नुसतं 5G नावाचं बटण असतं, ते बंद करायचं. फोन मराठीत असेल तर हीच नावं मराठीत दिसतील, क्रम साधारण तोच.

इथे तीन चुका होतात, त्या टाळा.

एक, "अजून बॅटरी वाचू दे" म्हणून नुसतं 2G किंवा 3G निवडू नका. काही कंपन्यांकडे २जी-३जी टॉवरच नाहीत. त्या सिमवर असं केलं की फोनला नेटवर्कच मिळत नाही, आणि आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. शिवाय नेट चालणार नाही, गटाच्या नोंदी अडकतील.

दोन, VoLTE किंवा 4G Calling असं बटण दिसलं तर ते चालूच ठेवा. ४जीवरून बोलणं त्यामुळेच होतं. ते बंद केलं तर काही सिमवर कॉल लागणार नाहीत, काहींवर फोन कॉलसाठी २जीवर उतरेल.

तीन, रिचार्जकडे बघा. तुमच्या रिचार्जमध्ये ५जीचं अमर्यादित नेट असेल तर ते ५जीवर असतानाच अमर्यादित असतं. ४जीवर आलात की रोजची दीड किंवा दोन जीबी जी मर्यादा असेल ती लागू होते. मुलं संध्याकाळी व्हिडिओ बघत असतील तर "अचानक नेट का संपलं" असा गोंधळ होईल. घरात आधी सांगून ठेवा.

आमच्या ताईंनी सोय अशी केली. रोज ४जी. तालुक्याला गेल्यावर मोठी फाईल किंवा प्रशिक्षणाचा व्हिडिओ उतरवायचा असेल तेव्हा ५जी चालू करायचं, काम झालं की परत बंद. तालुक्यात रेंज भरपूर, काम मिनिटात उरकतं, बॅटरीवर भार येत नाही. ५जी वाईट नाही, पण जिथे ते नीट पोचतं तिथेच ते कामाचं.

दुसऱ्या सिमकडेही बघा

ताईंच्या फोनमध्ये आणखी एक चोर सापडला. दुसऱ्या खणात माहेरचं जुनं सिम होतं, रिचार्ज संपलेलं, आणि त्या कंपनीला वाडीत रेंजच नाही. दोन सिम म्हणजे टॉवरकडे कान देणाऱ्या दोघी. एकीला टॉवर मिळाला, तरी दुसरी रात्रभर हुडकत बसलेली. ते सिम काढून टाकायची गरज नाही. Settings मधल्या SIMs मध्ये त्या सिमसमोरचं बटण बंद केलं की पुरे. मात्र आधी एक खात्री करा. ते सिम कुठल्या बँक खात्याला, आधारला किंवा गटाच्या खात्याला जोडलेलं आहे का? असेल तर बंद सिमवर ओटीपी येणार नाही. आधी नंबर बदलून घ्या, मग बंद करा.

रेंज नसलेल्या जागी जाताना

आपल्या सीआरपी ताई पाड्यापाड्यावर बैठकांना जातात. काही ठिकाणी दोन-तीन तास रेंजच नसते. तिथे फोन पिशवीत पडून हुडकत राहतो आणि परतीच्या वाटेवर, जेव्हा रेंज मिळते आणि नोंदी चढवायच्या असतात, तेव्हाच बंद पडतो. अशा ठिकाणी शिरताना एअरप्लेन मोड लावा. फोटो काढता येतात, ज्या ॲपमध्ये नेटशिवाय नोंद होते तिथे नोंदही करता येते. रस्त्यावर आलात की मोड काढा. त्यामुळे काही तोटा होत नाही, कारण तिथे फोन लागतच नव्हता.

पण घरी हे सरसकट करू नका. एअरप्लेन मोडमध्ये कोणाचाही फोन येत नाही. घरात गरोदर सून असेल, आजारी माणूस असेल, मुलगी वसतिगृहात असेल, तर रात्री फोन लागायलाच हवा. त्यासाठी चार-पाच टक्के गेले तर जाऊ द्या.

नुसता मोबाईल डेटा बंद केला तर? थोडा फरक पडतो. डेटा चालू असताना प्रत्येक छोट्या निरोपासाठी फोन जागा होतो, आणि काम झाल्यावरही "अजून काही येतंय का" म्हणून काही सेकंद ताटकळतो. वीस गटांचे सुप्रभात एकेक करून येत राहिले की फोनला झोपच लागत नाही. डेटा बंद केला की हे थांबतं. पण टॉवर हुडकणं थांबत नाही, कारण कॉलसाठी टॉवर लागतोच.

नेटवर्कचा दोष नसेल तर?

चाचणीच्या तिसऱ्या रात्री, म्हणजे एअरप्लेन मोडमध्येही दहा-बारा टक्के उतरले, तर नेटवर्कला दोष देऊ नका. मग Settings मधलं Battery उघडा. तिथे कोणत्या ॲपने किती खाल्लं ते दिसतं. एखादं ॲप सगळ्यांच्या वर बसलेलं असेल तर तेच चोर. ॲपही काही दिसत नसेल, फोन तीन-चार वर्षांचा असेल, ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर मात्र बॅटरी खरंच थकली आहे आणि बदलायला हवी. आणि पाठ फुगलेली दिसली, तर चाचणी वगैरे काही नको. चार्जिंग थांबवा आणि फोन दुकानात द्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही.

त्या सोमवारी सचिव ताई परत बँकेत गेल्या. फोन ४जीवर, माहेरचं सिम बंद. सकाळी सहाला ९१ टक्के होता, दुपारी दोनला ७४. ओटीपी आला, सही झाली, काम झालं. घरी येताना वडापमधून त्यांनीच मला फोन करून आकडा सांगितला.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक ग्रामसंघातून निदान दोघींनी तीन रात्रींचे आकडे वहीत लिहून आणावेत. कोणत्या वाडीत, कोणत्या कंपनीचं सिम, ५जीवर किती, ४जीवर किती, एअरप्लेनवर किती. सगळे आकडे एकत्र मांडले की कोणत्या वाडीत ५जी ठेवायचं आणि कुठे बंद करायचं, हे आपल्याला कोणाला विचारावं लागणार नाही.